साड्या परत घेण्याचे नवे नियम: ग्राहकांना अडवणूक वाटणार नाही असं कॅप्शन कसं लिहू?

मृण्मयी_सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यातून घरूनच इरकल आणि खणाच्या साड्या विकते. सगळी विक्री इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. तीन वर्षं माझा नियम एका ओळीचा होता: साडी आवडली नाही तर पंधरा दिवसांत परत करा, जाण्यायेण्याचं कुरिअर माझं.

या गौरी-गणपतीत मात्र हिशेब हाताबाहेर गेला. माझी नेहमीची साडी १८५० रुपयांची. सगळा खर्च जाऊन तिच्यात मला साधारण ३०० रुपये सुटतात. पाठवायला ९० आणि परत आणायला ९०, म्हणजे एक साडी परत आली की १८० रुपये गेले. दोन साड्या परत आल्या की तिसरीची कमाई तर गेलीच, वर पदरचे ६०. तेही सोसलं असतं, पण परत आलेल्यांपैकी पाच साड्या नेसलेल्या होत्या. खांद्याच्या जागी सेफ्टी पिनची दोन बारीक भोकं, निऱ्यांखालच्या काठाला मळ, एका पदरावर हळदीचं बोट. मी काही न बोलता पैसे परत केले आणि त्या साड्या घरात ठेवल्या.

म्हणून नवे नियम केले: सात दिवस, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, फॉल-पिको झालेली साडी परत नाही, परतीचं कुरिअर ग्राहकाचं. कॅप्शन असं टाकलं होतं:

"महत्त्वाची सूचना! काही ग्राहकांच्या गैरवापरामुळे आमचे रिटर्न नियम बदलत आहेत. व्हिडिओ नसल्यास कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. फॉल-पिको केलेली साडी कोणत्याही परिस्थितीत परत घेतली जाणार नाही. रिफंड सात दिवसांच्या आतच मिळेल. कृपया वाद घालू नये."

तासाभरात चाळीसेक कमेंट आल्या. "आता नाव झालं, मग नियम सुचणारच," असं माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक ताईंनी लिहिलं. मला ते फार लागलं. पोस्ट काढून टाकली. नियम मला हवेतच, पण हे सांगायचं कसं?

अनिकेत_०७

ताई, साडी परत करायची असेल तर आधी विक्रेत्याला मेल करा. फोनवर बोलून काही होत नाही. मी मिक्सर परत करायला दीड महिना घातला होता. मेल असला की पुरावा राहतो.

मृण्मयी_सातारा

अनिकेत, मी विकणारी आहे हो. माझ्याकडे साड्या परत येतात.

अनिकेत_०७

ओह, घाईत वाचलं. तरी माझा मिक्सर ऐकाच, कारण तुमच्या उपयोगाचा आहे. त्या दुकानाच्या नियमात लिहिलं होतं "सात दिवसांत रिफंड". मी समजलो पैसे सात दिवसांत येतील. ते म्हणाले, नाही, सात दिवसांत मागायचा असतो. तुमच्या कॅप्शनमध्येही तेच वाक्य आहे.

वसुधा_क

अनिकेतने नेमकं बोट ठेवलं आहे. मृण्मयी, मी आधी अकरा वर्षं कपड्यांच्या मोठ्या दुकानात तक्रारींच्या टेबलावर होते. आता एका ग्राहक संघटनेत लोकांना तक्रारअर्ज लिहून देते, म्हणजे दोन्ही बाजूंना बसून झालं आहे.

तुझे नियम वाईट नाहीत. कॅप्शनची सुरुवात चुकली आहे. "काही ग्राहकांच्या गैरवापरामुळे" हे शब्द त्या पाच जणींसाठी लिहिलेस, पण वाचतंय कोण? कधी एकही साडी परत न केलेली बाई. तिला वाटतं, ही माझ्यावर संशय घेतेय. त्या जुन्या ताई म्हणूनच दुखावल्या. कारण सांगायचंच असेल तर तुझ्या हिशेबातलं सांग. १८५० च्या साडीत ३०० सुटतात आणि परतीला १८० जातात, हे तू इथे लिहिलंस तसंच लिही. ते वाचून कोणालाही तुझी अडचण समजेल.

दुसरं म्हणजे तुझ्या कॅप्शनमधलं एकही वाक्य तू काय देणार हे सांगत नाही. सगळा सूर नकाराचा आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची पहिली सव्वाशेच्या आसपास अक्षरं दिसतात, बाकीचं "more" दाबल्यावर. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे हाती जेमतेम दोन ओळी येतात. त्या दोन ओळीत तू "गैरवापर" लिहिलंस.

दिगंबर_काका

मुळात हे नियम करताच येत नाहीत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचा. तीस दिवसांच्या आत माल परत घ्यावाच लागतो. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटीच बेकायदेशीर आहे. सात दिवस लिहिलंत तर तुमच्यावरच केस होईल.

वसुधा_क

काका, अर्धं बरोबर आहे. तीस दिवसांची गोष्ट कायद्यात आहे, पण ती दोष असलेल्या मालाबद्दल आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुदत बिलावर लिहिली असेल तर ती, आणि काहीच लिहिलं नसेल तर तीस दिवस. साडी धड आहे, पण घरी नेल्यावर आवडली नाही, यासाठी परत घ्यायलाच हवी असं तो कायदा म्हणत नाही. तिथे दुकानदार स्वतः देईल ती सवलत. ती किती द्यायची हे मृण्मयीच्या हातात आहे, फक्त आधी सांगायला हवं.

मृण्मयी, काकांच्या मुद्द्यातून तुझ्यासाठी निघतं ते असं. "कोणत्याही परिस्थितीत परत नाही" हे वाक्य तुला चालणार नाही. तू रोजचा धंदा म्हणून ऑनलाइन विकतेस, त्यामुळे २०२० चे ई-कॉमर्सचे नियमही बघायला हवेत. माल सदोष असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला असेल, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर पूर वगैरे हाताबाहेरच्या कारणाने झाला तर गोष्ट वेगळी. परतीच्या कुरिअरचा खर्च कोणाचा, हेही विक्रीआधीच सांगायचं असतं.

आणि हो, बिल देतेस ना? मुदत बिलावर हवी. नुसती इन्स्टाग्रामवर असून भागणार नाही.

मृण्मयी_सातारा

बिल देते, पण त्यावर मुदत नाही. आजच घालते.

उशिराचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातही नव्हता. पाडव्यासाठी मागवलेली साडी भाऊबीजेनंतर पोचली, असं गेल्या वर्षी दोनदा झालं होतं. आणि फॉलचं काय? फॉल-पिको मीच करून देते, १०० रुपये जादा घेऊन.

वसुधा_क

तू करून देतेस, मग तर "फॉल लावला म्हणून परत नाही" हे दोषाच्या बाबतीत टिकणारच नाही. फॉल लावताना साडी तुझ्या हातून गेली. दोष तुझ्याच शिवणाऱ्या बाईच्या नजरेला पडायला हवा होता. आवडली नाही म्हणून फॉल लावलेली साडी घेणार नाही, हे मात्र सगळ्यांना पटेल.

तुझ्या सगळ्या नियमांच्या मागे एकच रेघ ओढ: चूक आमची असेल तर खर्च आमचा, मन बदललं असेल तर खर्च तुमचा. लोकांचा राग सात दिवसांवर नसतो. साडीला भोक दुकानदाराकडून पडलं आणि ९० रुपये मात्र आपण भरले, याचा राग येतो. ही रेघ स्पष्ट दिसली की बाकीचे नियम लोक मान्य करतात, असं मी अकरा वर्षं टेबलावर पाहिलं आहे.

बाळासाहेब_इचलकरंजी

ताई, रेघ ओढायला सोपी आहे, पण दोष कशाला म्हणायचं? आमचा कापडाचा धंदा तीन पिढ्यांचा. इरकलमध्ये पदराचा उभा धागा रेशमाचा आणि अंगाचा बहुतेक वेळा सुताचा असतो. ते दोन्ही उभे धागे मागावरच एकमेकांत अडकवून जोडतात. त्याला टोप तेनी म्हणतात. त्या जोडावर आडवी रेघ दिसते आणि हात फिरवला की जराशी जाडी लागते. ज्याला माहीत नाही तो म्हणतो साडी जोडलेली दिली, फसवलं. खरं तर ती इरकलची ओळख आहे.

आडव्या धाग्यात मध्येच एखादी गाठ किंवा जाड सूत येणं हेही हातमागात चालतं. पण उजेडासमोर साडी धरली आणि आडवा धागा तुटून फट दिसली, तेलाचा डाग दिसला, काठ एका ठिकाणी आत ओढला गेलेला दिसला, तर तो दोष. तिथे हातमागाचं नाव पुढे करू नका. पुष्कळ विक्रेते "हॅन्डलूम आहे, असं असतंच" म्हणत भोकंसुद्धा खपवतात.

मृण्मयी_सातारा

दादा, जोडावरून माझ्याकडे यंदा तीन साड्या परत आल्या! मी प्रत्येकीला फोनवर समजावलं, कॅप्शनमध्ये कधीच लिहिलं नाही.

आणि रंगाचं कसं करू? सगळ्यात जास्त भांडण तिथेच होतं. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. माझी एक साडी आहे, उभा काळा आणि आडवा मोरपंखी. खिडकीपाशी धरली तर मोरपंखी, ट्यूबलाइटखाली जवळजवळ काळी. परत करणारी म्हणते फोटोतली नाही. मी म्हणते हीच आहे. चूक कोणाची?

वसुधा_क

ती "मन बदललं" मध्ये टाकू नकोस. फोटो तू काढलास. फोटोत मोरपंखीच दिसत असेल आणि काळी छटा कुठेच दिसत नसेल, तर जाहिरातीप्रमाणे माल नाही असं ती म्हणू शकते. "मोबाईलवर रंग थोडा वेगळा दिसू शकतो" ही ओळ सगळेच लिहितात. पण ती लिहिली म्हणजे आपण सुटलो असं नाही. फरक थोडा असेल तर ती ओळ धरून बोलता येईल, मोरपंखीचा काळा झाला तर नाही.

पाठवण्याआधी ग्राहकाला साडीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठव. पदर खिडकीपाशी धर, मग आत नेऊन ट्यूबखाली धर. तिने "चालेल" म्हटलं की मगच पार्सल बांध. भांडणाची पुढची वेळच येणार नाही.

नेहा_ठाणे

मी ग्राहक म्हणून लिहिते. मला सगळ्यात जास्त खटकतो तो पार्सल उघडतानाचा व्हिडिओ. माझी आई सत्तरीची आहे, डोंबिवलीत एकटी राहते. तिने एका हाताने मोबाईल धरायचा आणि दुसऱ्या हाताने सेलोटेप कापायचा? तिच्या साडीला भोक निघालं आणि व्हिडिओ नाही म्हणून तक्रार ऐकणारच नाही, हा कुठला न्याय? प्रामाणिक माणसालाच यात अडकवलं जातं. नेसून परत करणारी तर व्हिडिओही व्यवस्थित काढेल, कारण व्हिडिओत साडी कोरीच दिसणार आहे!

मृण्मयी_सातारा

नेहा, हे वाचून मी खरंच थबकले. ज्या पाच साड्यांमुळे हा नियम केला, त्यांना तो लागूच पडत नाही.

दिगंबर_काका

तरी व्हिडिओ असावा. माझ्या भाच्याच्या पार्सलमध्ये साडीऐवजी जुना टॉवेल निघाला होता. व्हिडिओ होता म्हणून पैसे मिळाले.

वसुधा_क

व्हिडिओचा उपयोग तेवढाच आहे, काका: पार्सल रिकामं निघालं किंवा भलताच माल निघाला तर. बारीक भोक पार्सल उघडतानाच्या व्हिडिओत दिसतही नाही, ते घडी मोडल्यावर सापडतं. व्हिडिओ असला तर काम लवकर होईल, नसला तर फोटो चालतील, असं मी लिहीन. व्हिडिओ नाही एवढ्याच कारणावरून दोषाची तक्रार उडवली तर ग्राहक आयोगासमोर कितपत टिकेल, याची मला शंका आहे. इथे कोणी वकील असतील तर त्यांनी सांगावं.

नेसलेल्या साडीवर उपाय वेगळा आहे. मोठी दुकानं कपड्याला दर्शनी जागी टॅग लावतात. तू पदराच्या बाहेरच्या बाजूला, चारचौघांत दिसेल असा कागदी टॅग दोऱ्याने टाच. टॅग तोडल्याशिवाय साडी नेसून मिरवता येणार नाही. "टॅग असेल तर आवडली नाही म्हणून परत चालेल" एवढं एक वाक्य पुरतं, कोणावर आरोप होत नाही.

बाळासाहेब_इचलकरंजी

टॅग पदराच्या टोकाच्या दशांना दोऱ्याने बांधा. पदराच्या रेशमाला सुई लावू नका, भोक राहतं. मग तो दोष तुमचाच!

स्वाती_डॅलस

मृण्मयी, मी तुझ्याकडून दोनदा साड्या घेतल्या आहेत. आमचं गणित वेगळं आहे. पार्सल पुण्यात भावाकडे येतं आणि कोणीतरी इकडे येणारं असलं की महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या हातात पडतं. तुझे सात दिवस माझ्यासाठी शून्य दिवस आहेत.

मृण्मयी_सातारा

ताई, पंधरा दिवसांतही ते बसत नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं. भावाने उघडून बघितली तर?

स्वाती_डॅलस

भाऊ साडी बघणार! त्याला काठ आणि पदर यातला फरक सांगावा लागतो.

वसुधा_क

दोषाची मुदत सात दिवस ठेवायची गरज काय? दोषाच्या साड्या अशा येतात तरी किती? दोषाला तीस दिवस दे, मन बदलायला सात. कागदावर तू सढळ दिसशील आणि खिशाला फार चाट बसणार नाही, कारण तुझा तोटा दोषाच्या साड्यांनी झालेलाच नाही. स्वातीचा प्रश्न मात्र तीस दिवसांतही पूर्ण सुटत नाही.

एक राहिलं. नियम कोणत्या तारखेच्या ऑर्डरपासून, हे लिही. आधी मागवलेल्या साड्यांना जुनाच नियम. हे लिहिलं नाहीस तर ज्यांची पार्सलं आत्ता वाटेत आहेत त्या सगळ्या तुला फोन करतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

मृण्मयी_सातारा

रात्री बसून पुन्हा लिहिलं. बघा:

"साडीत दोष निघाला, तर कुरिअरचा खर्च आमचा आणि पैसे दोन दिवसांत परत.

दोष म्हणजे तुटलेला धागा, भोक, डाग, ओढला गेलेला काठ. फोटोत दाखवली त्यापेक्षा वेगळी साडी आली किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचली, तरी हेच. तीस दिवसांत फोटो पाठवा. फॉल लावलेला असला तरी चालेल. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर काम लवकर होतं, नसेल तर फोटो पुरेत.

साडी चांगली आहे, पण मनात भरली नाही? पोचल्यापासून सात दिवसांत परत पाठवा. पदरावरचा टॅग असू द्या, फॉल लावलेला नको. या वेळी परतीचं कुरिअर तुमच्याकडे. १८५० च्या साडीत आम्हाला साधारण ३०० रुपये सुटतात आणि जाण्यायेण्याला १८० लागतात, म्हणून हा बदल करावा लागला. जातानाचे ९० अजूनही आम्हीच भरतो. साडी आमच्याकडे पोचली की दोन दिवसांत, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत.

इरकलच्या पदराजवळ आडवी रेघ दिसेल. तो टोप तेनीचा जोड आहे, विणकराने हाताने एकेक धागा अडकवून केलेला. धूपछाव साडी उजेडाप्रमाणे रंग बदलते, म्हणून पाठवण्याआधी व्हिडिओ दाखवू.

हे नियम १ ऑक्टोबरपासूनच्या ऑर्डरना. त्याआधी मागवलेल्या साड्यांना जुनेच पंधरा दिवस."

नेहा_ठाणे

हे मी आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने विचारलं, "दोन दिवस कधीपासून? फोटो पाठवल्यापासून की साडी पोचल्यापासून?" मनात न भरलेल्या साडीचं लिहिलं आहेस, दोषाचं नाही.

मृण्मयी_सातारा

आईंना माझा नमस्कार सांग. पहिल्याच ओळीत राहिलं की! दोषाला फोटो बघून पटलं की तेव्हापासून दोन दिवस. साडी यायची वाट बघणार नाही. तसं घालते.

दिगंबर_काका

फोटोवरून पैसे द्याल आणि साडी परत आलीच नाही तर?

मृण्मयी_सातारा

काका, तीन वर्षांत दोषाच्या साड्या मोजून अकरा आल्या, माझ्या वहीत आहेत. त्यातली एखादी बुडाली तरी चालेल. नेसलेल्या पाच मात्र एका महिन्यात आल्या.

वसुधा_क

पोस्ट वर पिन कर. तेच शब्द व्हॉट्सअ‍ॅपच्या क्विक रिप्लायमध्ये आणि बिलाच्या मागे छाप. तीन ठिकाणी तीन वेगळी वाक्यं असली तर ग्राहक तिच्या सोयीचं धरणार, आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही.

मृण्मयी_सातारा

(चार दिवसांनी) टाकली. कमेंट कमी आल्या, त्यातल्या निम्म्या टोप तेनीबद्दल. एकीने विचारलं की तिच्या आजीच्या इरकलला असाच जोड आहे, ती साडी किती जुनी असेल. दोघींनी परतीच्या ९० रुपयांवर नाराजी लिहिली, त्यांना मी हिशेब पुन्हा सांगितला. एक पटली, एक नाही. त्या जुन्या ताईंनी पोस्टवर काही लिहिलं नाही, पण काल खणाची साडी मागवली. पाठवण्याआधी व्हिडिओ केला, खिडकीपाशी आणि ट्यूबखाली. उत्तर आलं, "ट्यूबखाली जास्त छान दिसते गं."

स्वातीताई, तुमच्या पार्सलचं अजून काही ठरवता आलेलं नाही. इथे परदेशात साड्या पाठवणारं कोणी असेल तर त्यांनी मुदत कशी ठेवली ते सांगा.